एक ओळ मराठी, एक ओळ इंग्रजी

दर वर्षी युवा महोत्सवाची सूचना फलकावर लागली की आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाला जाग येत असे. तास संपल्यावर एका वर्गातले बाक भिंतीला सरकवले जात आणि अंधार पडेपर्यंत तालमी चालत. त्या अनेक वर्षांतले एक मला विशेष आठवते, कारण त्या वर्षी आम्ही शहरातल्या गर्दीच्या प्रवासावर एक ओळ मराठी आणि एक ओळ इंग्रजी अशी कविता करायला घेतली होती. रोज त्याच गर्दीतून येत असल्यामुळे विषय शोधावा लागला नाही, पण कविता मात्र तीन वेळा मोडली.

पहिला खर्डा असा होता: ‘आज गाडीत गर्दी फार, द ट्रेन इज क्राउडेड, नो स्पेस एनीव्हेअर.’ आमच्या मराठीच्या बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “अरे, हेच मला मघाशी मराठीत सांगितलंत ना?” दोन भाषा जाणणाऱ्या श्रोत्याला प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकवणे हा या प्रकारातला सर्वांत मोठा दोष आहे, हे तेव्हा कळले. मग आम्ही कामे वाटून घेतली. इंग्रजी ओळीत फलाटावरच्या सूचना आणि बाहेरून दिसणारे दृश्य, तर मराठी ओळीत उभ्याउभ्या घुसमटणाऱ्या माणसाच्या मनातले, असे ठरले आणि कवितेत प्रथमच काहीतरी घडू लागले.

पुढची अडचण लयीची होती. आम्ही अभंग-ओवीच्या सवयीने कागदावर अक्षरे मोजत होतो आणि दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या करूनही म्हणताना त्या अडखळत होत्या. ‘दार’ लिहिताना दोन अक्षरे असतात, पण बोलताना शेवटचा अकार गळून एकच उच्चार उरतो. ‘क्राउड’ देवनागरीत तीन अक्षरांचा, पण तोंडात तोही एकच उच्चार. शिवाय इंग्रजी ओळ अक्षरांच्या संख्येपेक्षा आघातांवर चालते. शेवटी एकाने बाकावर ठेका धरला आणि प्रत्येक ओळीत चार ठोके बसले पाहिजेत एवढाच नियम उरला. त्या ठेक्यावर हे कडवे जमले:

कोणाची तरी पाठ समोर,
प्लीज स्टँड क्लिअर ऑफ द क्लोजिंग डोअर.
श्वास घेता येईना नीट,
समवन्स न्यूजपेपर हॅज अ सीट.

चौथी ओळ सुचली तेव्हा वर्गात जो हशा उठला, तो मला पुढे मिळालेल्या बक्षिसापेक्षा अधिक स्पष्ट आठवतो.

मला मात्र आजही त्यानंतरचा सांधा अधिक आवडतो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. त्यामुळे मराठी ओळ कर्त्यापाशीच थांबवली, तर ती आपोआप लोंबकळत राहते आणि इंग्रजी ओळ क्रियापदाने सुरू होऊन तिला आत ओढून घेते:

दारामधला माझा पाय
आस्क्स द प्लॅटफॉर्म: शॅल आय ट्राय?

उलट क्रमाने हे साधत नाही. इंग्रजी ओळ क्रियापदापर्यंत आली की ती बहुतेक पुरी झालेली असते आणि पुढची मराठी ओळ तिला शेपटासारखी चिकटते. आम्ही तशी दोन कडवी लिहिली आणि दोन्ही काढून टाकली.

तिसरी मोडतोड ऐन रंगीत तालमीत झाली. इंग्रजी ओळी म्हणणारा आमचा मित्र उच्चारांबाबत फार काटेकोर होता. त्याने परदेशी वृत्तनिवेदकाच्या थाटात ‘डोअर’मधला ‘र’ गिळला आणि ‘समोर’ एकटाच उभा राहिला. कागदावर यमक अचूक होते, पण कानाला ते सापडेना. असे यमक दोन्ही भाषा एकाच तोंडाच्या वळणाने बोलल्या तरच टिकते. बाई त्याला म्हणाल्या, “तुझं इंग्रजी छानच आहे रे, पण इथं फलाटावरच्या भोंग्यासारखं बोल.” तो रुसला, तरी दुसऱ्या दिवशी त्याने ‘र’ चांगला ठणकावून म्हटला. इंग्रजी ओळी देवनागरीतच लिहून ठेवण्याची युक्तीही त्याचीच. त्यामुळे डोळ्याला लिपी बदलावी लागत नसे आणि दोन आवाजांमधली फट बुजत असे.

महोत्सवात आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांच्या मते शेवटचे कडवे सैल होते आणि ते खरेच होते.

माजी विद्यार्थ्यांचे वार्षिक संमेलन अजून भरते. संध्याकाळी चहा झाला की कोणीतरी बाकावर चार ठोके देतो, अर्धा वर्ग मराठी ओळ म्हणतो आणि उरलेले इंग्रजी. तो मित्र दर वेळी मुद्दाम ‘र’ गिळतो आणि त्याने तो नीट म्हटल्याशिवाय मराठीवाले पुढची ओळ सोडत नाहीत.