पाटल्यांचे साडेपाच ग्रॅम

मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून मिरजेत एका गोल्ड लोन कंपनीत दागिने ठेवले. दोन पाटल्या 40 ग्रॅमच्या आणि सासूबाईंची जुनी बोरमाळ 18.400 ग्रॅमची. कर्ज अपेक्षेपेक्षा बरंच कमी मिळालं. उरलेले पैसे बहिणीकडून उसने घेतले, आणि घरी येऊन पावती शांतपणे वाचली. एकूण वजन 58.400, निव्वळ वजन 49.000, शुद्धता 20 कॅरेट. 22 कॅरेटच्या हिशेबात 44.545 ग्रॅम.

शाखेत विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सिस्टीमच घेते तसं." म्हणून पेन घेऊन बसले.

बोरमाळेची घट मला मान्य होती. मणी आतून लाखेने भरलेले असतात, ती लाख वजनात येते पण सोनं नसते. 7.400 ग्रॅम वजा करून 11 ग्रॅम उरणं पटण्यासारखं होतं. जुनं काम, 20 कॅरेट, तेही ठीक. पण 58.400 मधून 7.400 गेले तर 51 उरतात. पावतीवर 49 होते. म्हणजे आणखी 2 ग्रॅम पाटल्यांतून कापले होते, "जोड आणि मळ" म्हणून 5 टक्के. आणि मग त्याच पाटल्यांना 20 कॅरेट लावून दुसऱ्यांदा कापलं. जोडामुळे सोन्याचा कस उतरत असेल तर तो कॅरेटमध्ये दिसतोच, तोच पुन्हा वजनातून कसा जाईल?

पाटल्या तर हॉलमार्कच्या. ठेवायच्या आधी मी आतल्या बाजूचा फोटो काढला होता. तो मोठा करून बघितल्यावर बीआयएसचं चिन्ह, 22K916 आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, स्पष्ट दिसला. BIS Care अ‍ॅपमध्ये Verify HUID वर तो टाकला, तर दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दोन्ही जुळलं. त्या स्क्रीनचा फोटो अर्जाला जोडला.

अर्ज एका पानाचा ठेवला. त्यातला मुख्य भाग असा होता:

"पाटल्या 40.000 ग्रॅम, 22 कॅरेट. बोरमाळ निव्वळ 11.000 ग्रॅम, 20 कॅरेट, म्हणजे 22 कॅरेटप्रमाणे 10.000 ग्रॅम. एकूण 50.000 ग्रॅम. आपण 44.545 धरले आहेत. 5.455 ग्रॅमच्या फरकाचं कारण प्रत्येक दागिन्याप्रमाणे लेखी द्यावं, आणि माझ्यासमोर फेरतपासणी करावी."

खाली रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या निर्देशांचा उल्लेख केला. कस तपासताना कर्जदार हजर असावा, खडे, जोड वगैरेंची वजावट त्याला समजावून सांगावी, आणि एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरेट व वजावट असलेलं प्रमाणपत्र लेटरहेडवर द्यावं, असं त्यांत आहे. मला फक्त पावती मिळाली होती, आणि तपासणी काचेपलीकडच्या खोलीत झाली होती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. ही तारीख फार महत्त्वाची, कारण 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि ते दिवस त्या तारखेपासूनच मोजले जातात.

"दागिने तर परतच मिळणार, मग एवढं कशाला?" असं बहीण म्हणाली. पण हप्ते थकले तर लिलावाची राखीव किंमत कागदावरच्या वजनावरून आणि कॅरेटवरून ठरते. कंपनीकडून दागिन्यांचं पाकीट हरवलं तर भरपाईही त्याच कागदावरून मागायची. साडेपाच ग्रॅम कागदावर नाहीत म्हणजे माझ्या हातात पुरावाच नाही.

एकोणिसाव्या दिवशी फोन आला. पाकीट माझ्यासमोर उघडलं, सील मी आधी तपासलं. दुसरे मूल्यांकनकार आले होते. त्यांनी कॅरटमीटर लावायच्या आधी पाटलीच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, थोडं घासलं. हे यंत्र वरचा थर तेवढा वाचतं, त्यामुळे मुलामा असेल तर आकडा फसवतो, असं त्यांनीच सांगितलं. एका पाटलीवर 91.8 टक्के सोनं आलं, दुसरीवर 91.6, म्हणजे 22 कॅरेट. बोरमाळेवर 83.1, म्हणजे 20 कॅरेटच्या आसपास. मग कसोटीवर रेघ ओढून अ‍ॅसिडनेही बघितलं. पहिल्या वेळी बोरमाळेचा कस संपूर्ण पाकिटाला लावला गेला होता, हे त्यांनी मान्य केलं.

बोरमाळेतल्या लाखेचा अंदाज मात्र त्यांनी तसाच ठेवला. मणी फोडल्याशिवाय तो नक्की कळत नाही, आणि सासूबाईंचे मणी मी फोडू देणार नव्हते.

आठवड्याभराने लेटरहेडवर नवीन प्रमाणपत्र मिळालं, दोन्ही दागिने वेगळ्या ओळींवर, एकूण 22 कॅरेटप्रमाणे 50.000 ग्रॅम. वाढीव रक्कम खात्यात आली त्याच संध्याकाळी बहिणीचे पैसे परत केले.