दिव्याला लागते : दोन अक्षरे

शाळेच्या भित्तिपत्रकावर शब्दकोडे असायचे. चौकट मराठीच्या बाई स्वतः भरून द्यायच्या आणि आडव्या-उभ्या शब्दांच्या सूचना लिहायचे काम आम्हा नववीच्या मुलांकडे असे. आता मी कोडी रचतो, पण सूचना तपासायची रीत बाईंचीच आहे.

भरलेल्या चौकटीत शब्द बदलता येत नाहीत. कोडे सोपे करायचे की अवघड, हे सूचना किती नेमकी लिहितो त्यावर ठरते. बाई म्हणायच्या, ‘उत्तर झाक आणि तेवढ्याच घरांत बसणारे आणखी किती शब्द सुचतात ते बघ.’ समजा, उत्तर ‘वात’ आहे. ‘कापसाची वळतात, निरांजनात लावतात’ असे लिहिले तर दुसरा शब्द सुचतच नाही. ही सोपी सूचना. ‘तुपात भिजते ती’ म्हटले की पोळीही आठवते; ही मध्यम. ‘दिव्याला लागते’ म्हटले की तेल, तूप, वात, काच सगळेच चालतात, ही अवघड. तिन्ही सूचना खऱ्या आहेत, फक्त शेवटची मोघम आहे.

मोघम सूचना कुठे चालते, हे मात्र तिला छेदणाऱ्या शब्दावर अवलंबून असते. एका कोड्यात ‘वात’मधल्या ‘त’पासून खाली ‘तरू’ हा शब्द होता आणि त्याची सूचना एका मुलाने ‘वनस्पती’ एवढीच लिहिली होती. बाईंनी फळ्यावर ‘वात’च्या जागी ‘तेल’ लिहिले, ‘ल’खाली ‘लता’ लिहिले. चौकट तितकीच बरोबर भरली! सोडवणाऱ्याला आपले चुकले हे कळायलाही वाव नव्हता. मग ‘दिव्याला लागते’ तसेच ठेवले आणि ‘तरू’साठी ‘झाड, कवितेतले’ असे लिहिले. ‘त’ पक्का झाला की तेल, तूप आणि काच तिन्ही आपोआप गळतात. आपल्या कोड्यात एका घरात काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे एक पक्के अक्षरही पुष्कळ काम करते. म्हणून मी अजूनही दोन मोघम सूचना एकाच घरावर येऊ देत नाही.

लिंग-वचनाबाबत बाई फार कडक होत्या. उत्तर ‘वाती’ असेल तर ‘लागतात’च हवे. मोघमपणा अर्थामध्ये असावा, व्याकरणात नाही.

पण नेमकी सूचना सोपीच असते असे नाही, हे मला पुढे कोडी रचताना कळले. ‘पणती’ला ‘मातीचा छोटा दिवा’ लिहा किंवा ‘नातवाची मुलगी’ लिहा. दोन्ही नेमक्याच आहेत. तरी दिवाळी अंकात दुसरीला जास्त वेळ लागतो, कारण मनात दिवाच आधी येतो. अशा सूचनेला मी शब्द मोजून मिळालेल्या पायरीपेक्षा एक पायरी वर धरतो.