माझा अनुभव : कांदा-भावाचा मिनी-प्रोजेक्ट आणि कामवाटपाची चिठ्ठी

आमचा विषय सोपा होता. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन बाजार समित्यांत एकाच दिवशी कांद्याच्या सर्वसाधारण भावात खरंच फरक असतो का? एप्रिल ते जून हा काळ घेतला, कारण तेव्हा आवक मुख्यतः उन्हाळ कांद्याची असते. लाल कांदा मिसळला की भावाची तुलनाच बिघडते.

ग्रुपलीडर म्हणून फाइलसोबत चिठ्ठी लिहिताना मी प्रकरणं वाटली नाहीत, कुणाचं काम कुणावर अडतं ते पाहून तारखा दिल्या. सोमवारी सबमिशन, म्हणून डेटा साफ करायची मुदत आधीच्या मंगळवारी रात्री. त्यानंतर शीटला कुणी हात लावायचा नाही. चूक दिसली तर साफ करणाऱ्यालाच कळवायचं, तोच नवी फाइल पाठवेल.

त्याच्यासाठी चिठ्ठीत दोन सूचना होत्या. पहिली तारखांची. मशीनची सेटिंग अमेरिकी असली की एक्सेल 03/04/2024 म्हणजे ३ एप्रिल ही तारीख ४ मार्च समजतं, आणि 15/04/2024 तर नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. `=ISNUMBER(A2)` ला FALSE आलं की समजायचं, त्या फाइलच्या सगळ्याच तारखा संशयित आहेत. दुसरी सूचना बंद बाजाराची. एक समिती बंद असेल तर ती जोडी काढून वेगळ्या शीटवर ठेवायची, तिथे शून्य भरायचं नाही. समजा लासलगावचा भाव १५०० रुपये क्विंटल आणि पिंपळगावला शून्य. ६० जोड्यांत ही एकच ओळ फरकाची सरासरी २५ रुपयांनी सरकवते. प्रमाण विचलन त्याहून जास्त फुगतं, त्यामुळे खरा फरकही चाचणीत दिसेनासा होतो.

फरकाचा आलेख गुरुवारपर्यंत, चाचणी शुक्रवारी. दिवस तेच असल्याने जोडीची टी-चाचणी, म्हणजे शेवटचा आकडा 1:

```
=T.TEST(B2:B61,C2:C61,2,1)
=CORREL(D2:D60,D3:D61)
```

दुसरी ओळ (D मध्ये रोजचा फरक) बहुतेक ग्रुप गाळतात, पण व्हायव्हात सर नेमकं तिथेच बोट ठेवतात. कालचा फरक आजच्यासारखाच असेल तर ६० निरीक्षणं स्वतंत्र राहत नाहीत आणि पी-मूल्य उगाच लहान येतं. म्हणून चिठ्ठीत लिहिलं होतं : हा सहसंबंध मोठा आला तर आठवड्याची सरासरी काढून चाचणी पुन्हा करा आणि दोन्ही उत्तरं द्या. जोड्या उरतात जेमतेम तेरा, पण निदान त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

अहवाल लिहिणारीला शनिवारपर्यंत वेळ आणि एकच अट : ‘शेतकऱ्याला अमुक ठिकाणी जास्त पैसे मिळतात’ असं वाक्य नको. गाडीभाडं आणि मालाची प्रत आमच्या शीटमध्ये नव्हतीच.