गोळी, आवळा आणि स्ट्रॉ

मी इंदूरला वाचा-उपचार करते. लकव्यानंतर बोलणं गेलेले आजोबा, तोतरी बोलणारी मुलं आणि ओरडून-ओरडून आवाज बसलेल्या शिक्षिका, एवढंच माझं जग. पण लोकसेवा आयोगाच्या मुलाखती लागल्या की भंवरकुआंच्या क्लासमधली एखाद-दोन मुलंही येतात. तशीच ही मुलगी. तिची मुलाखत दहाला होती आणि ती सकाळी आठलाच माझ्या दारात उभी. माझे पोहेसुद्धा अर्धेच झाले होते.

"ताई, काही सुचत नाही हो. जीभ टाळूला चिकटते आहे आणि आवाज थरथरतोय."

तिला बसवलं आणि मी माझ्या नेहमीच्या वाटेने गेले. भीतीने तोंड कोरडं पडतं, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. शरीर धोक्याच्या तयारीला लागलं की लाळ कमी होते, जी उरते ती चिकट असते, आणि माणूस तोंडाने श्वास घ्यायला लागतो, त्यामुळे आणखी वाळतं. तिच्या बाटलीतलं अर्धं पाणी घशाखाली गेलं होतं. पाण्याने जीभ ओली होते, पण ते स्वरतंतूंना लागत नाही. ते अन्ननलिकेतून जातं. चुकून श्वासनलिकेकडे गेलंच, तर ठसका लागतो. तंतूंना ओलावा मिळायचा तर पाणी आदल्या दिवसापासून प्यायला हवं.

क्लासच्या सरांनी तिला "दीर्घ श्वास घे" असं शिकवलं होतं. या सल्ल्याने बिघडलेले आवाज मी कितीतरी पाहिले आहेत. घाबरलेला माणूस छाती फुगवतो, खांदे वर जातात, गळा आवळला जातो आणि कोंडलेली हवा झटक्याने सुटते. त्या झटक्यावर शब्द ठेवला की तो हलणारच. म्हणून मी आधी श्वास सोडायला लावते. ओठ किंचित मिटून, फुंकर घातल्यासारखा, पोट आत जाईपर्यंत. मग आत येणारा श्वास आपोआप खाली जातो.

त्यानंतर स्ट्रॉ. पेल्यात पाणी घेऊन स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडवायचं आणि 'ऊ' म्हणत फुंकायचं. अरुंद नळीमुळे हवेचा थोडा दाब मागे येतो, तंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हळूच जुळतात. गंमत म्हणजे बुडबुडे खोटं बोलत नाहीत. तिचे आधी भसाभस, मग मध्येच बंद, मग पुन्हा भसाभस. दहाएक वेळा केल्यावर एकसारखे उठायला लागले. आवाजही सावरला.

पण तोंड कोरडंच. घोट घेतला की मिनिटभर बरं, पुन्हा तेच. इथे मला खटकायला हवं होतं. भीतीचा कोरडेपणा माणूस शांत झाला की बहुधा ओसरतो. हिची नाडी बरीच उतरली होती, तरी लाळ धाग्यासारखीच. वीस मिनिटांनी विचारलं, "कालपासून काही औषध घेतलंस का?"

"सर्दीची गोळी. नाक वाहिलं तर वाईट दिसेल, म्हणून सरांनीच सांगितलं. रात्री एक, सकाळी एक."

पाकिटावर क्लोरफेनिरामाइन! या जुन्या अँटिहिस्टामिनने नाकाबरोबर तोंडही वाळतं, वर झोपही येऊ शकते. असर काही तास राहतो, म्हणजे दहाच्या आत उतरण्याची आशा नव्हती. वीस मिनिटं मी औषधाला भीती समजून वागवत होते. पंधरा वर्षांचा अनुभव आणि पहिला प्रश्न विचारायचा राहिला!

उपाय घरगुतीच निघाला. आईच्या डब्यातला मीठ लावलेला सुका आवळा. आंबटाने लाळ सुटते, औषध पोटात असलं तरी थोडी तरी. गालात ठेव, चघळू नकोस, फाटकाशी थुंकून टाक आणि एक घोट पाणी पी, असं सांगितलं. खाकरायचं नाही, त्याने तंतू एकमेकांवर घासतात. आणि आत जाताना 'आ'ने सुरुवात नको, त्यात गळा झटक्याने उघडतो. 'मैं अंदर आ सकती हूँ?' असं म्हण, 'म' गुणगुणल्यासारखा सुरू होतो. हे वाक्य आम्ही माझ्या दारात सहा वेळा केलं. सहाव्या वेळी आई आतून म्हणाली, "ये गं, ये एकदाची!" आणि ती पहिल्यांदा हसली.

दीड वाजता फोन आला. "ताई, पहिल्या उत्तराला हललाच आवाज. दुसऱ्यापासून नाही."

मला आनंद झाला, आणि तेव्हापासून डोक्यात चाललंय. पहिली दोन-तीन मिनिटं गेली की थरथर बऱ्याच जणांची आपोआपच उतरते. मग काम कशाने केलं, स्ट्रॉने, आवळ्याने, की नुसत्या दुसऱ्या प्रश्नाने? तिला विचारलं, तर म्हणते, "आईंच्या 'ये गं'ने."