तीन रकान्यांची रोकड वही: ओझरच्या चेकने खाल्लेला रविवार

आठवडा सहावा. दोन रकान्यांची रोकड वही जमली, म्हणून या रविवारी तीन रकान्यांची घेतली: प्रत्येक बाजूला कसर, रोख आणि बँक. उदाहरण माझं मीच रचलं. नाशिकच्या भांडी बाजारातलं तांब्या-पितळेचं दुकान, महिना एप्रिल, सुरुवातीला गल्ल्यात ८,००० आणि बँकेत २५,०००.

३ तारखेला १२,००० ची रोख विक्री, ५ ला बँकेत १०,००० भरले. ८ ला सिन्नरच्या गिऱ्हाइकाने ५,००० च्या बाकीपोटी ४,८५० चा चेक दिला, तो त्याच दिवशी बँकेत टाकला. १२ ला ठोक व्यापाऱ्याचे १०,००० मी ९,७०० च्या चेकने मिटवले. १६ ला ओझरच्या गिऱ्हाइकाने ६,००० पोटी ५,८८० चा चेक दिला, तो १८ ला बँकेत गेला. २० ला दुकानासाठी बँकेतून ४,००० काढले, २२ ला घरासाठी २,०००. २५ ला ओझरचा चेक न वटता परत! २८ ला भाडं रोख ३,५००.

पहिला गोंधळ बाजूंचाच. आजोबांच्या रोजमेळात जमा डावीकडे असायचं. इथे आलेला पैसा डावीकडेच बसतो, पण त्या बाजूचं नाव ‘नावे’. अर्धा तास मी डोक्यातल्या डोक्यात उजवं-डावं करत होतो.

मग कॉन्ट्रा. ५ तारखेची नोंद दोन्हीकडे येते: नावे बाजूला बँकेच्या रकान्यात १०,०००, तपशिलात ‘रोख खाते’, जमा बाजूला रोखीच्या रकान्यात १०,०००, तपशिलात ‘बँक खाते’. खतावणी पानाच्या रकान्यात दोन्हीकडे ‘सी’, कारण ही नोंद खतावणीत पुन्हा न्यायची नाही. २० तारखेची कॉन्ट्रा, पण २२ ची नाही. ते पैसे गल्ल्यात आलेच नाहीत, ती उचल आहे. आणि १६ चा चेक दोन दिवस ड्रॉवरमध्ये होता, म्हणून तो आधी रोखीच्या रकान्यात आणि १८ ला भरताना कॉन्ट्रा. म्हणजे एकूण तीन.

मी २० तारखेची नोंद उलटी केली होती: रोख जमेला, बँक नावे. शेवटी गल्ल्यात २,५०० आणि बँकेत ३२,१५० उरले. दोन्हींची बेरीज ३४,६५०. व्यवहारांवरून थेट हिशोब केला तरी ३४,६५० च, म्हणून मी निर्धास्त! कॉन्ट्रा उलटली तरी ही बेरीज हलत नाही, हे तेव्हा सुचलं नाही. शेजारच्या काकांनी (चाळीस वर्षं हिशोब लिहिलेत) वही बघून एवढंच विचारलं, “गल्ला मोजलास का?” मनातल्या मनात मोजला आणि वहीपेक्षा ८,००० जास्त भरले. चुकलेल्या रकमेची बरोबर दुप्पट. फरकाचं अर्धं करून ती रक्कम कॉन्ट्रात शोधायची, ही युक्ती आता वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे. खरी शिल्लक: रोख १०,५००, बँक २४,१५०.

आता कसर. नावे बाजूला १५० आणि १२०, म्हणजे २७०. जमा बाजूला ३००. मी सवयीने ३० शिल्लक काढून पुढे नेली. काकांनी हात कपाळाला लावला. या दोन रकान्यांची फक्त बेरीज करायची, एकातून दुसरं वजा करायचं नाही. २७० दिलेल्या कसरीच्या खात्याला नावे जातात, ३०० मिळालेल्या कसरीच्या खात्याला जमा. एक तोटा, दुसरा नफा. आणि व्यापारी सूट इथे फिरकतच नाही, ती बिलातच वजा होते.

राहिला ओझरचा परत आलेला चेक. बँकेच्या रकान्यात जमेला ५,८८० लिहिले, पण गिऱ्हाइकाची बाकी तर ६,००० होती. चेकच वटला नाही, तर १२० ची कसर कशाची? ती रद्द. मी ते १२० जमा बाजूच्या कसरीच्या रकान्यात टाकले आणि बेरीज ४२० झाली. म्हणजे ठोक व्यापाऱ्याने आपल्याला ४२० सोडले असं वही सांगू लागली, जे साफ खोटं. ही दुरुस्ती कीर्दीत करायची: ओझरच्या गिऱ्हाइकाचं खातं नावे १२०, दिलेली कसर जमा १२०. मग दिलेल्या कसरीच्या खात्यात उरतात १५०, फक्त सिन्नरचे, आणि ओझरकडे पुन्हा पूर्ण ६,००० येणं दिसतं.

पुढच्या रविवारी हेच दुकान, पण बँकेत सुरुवातीलाच अधिकर्ष. म्हणजे सुरुवातीची बँक शिल्लक जमा बाजूला लिहायची. आजोबांचा रोजमेळ तोवर कपाटात बंद.