हिरडी कापण्याआधी हाड मोजावे लागते

“डॉक्टर, हसले की माझ्या दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात. लेझरने थोड्या कापून घेतल्या की झाले ना?”

काहींच्या बाबतीत खरोखर तेवढ्याने भागते, पण ते हिरडीकडे बघून ठरवता येत नाही. हिरड्यांचा डॉक्टर म्हणून पुण्यात काम करताना माझा बराच वेळ कापण्यापेक्षा मोजण्यातच जातो. गेल्या वर्षी कोथरूडहून आलेल्या एका तरुणीचे उदाहरण सांगतो, म्हणजे हे नीट उलगडेल.

मोकळेपणी हसल्यावर तिची हिरडी 5 मिलिमीटर दिसत असे. साधारणपणे 3 मिलिमीटरपर्यंत दिसली तर त्यात वावगे काही मानत नाहीत. तिचे वरचे पुढचे दोन दात मात्र जवळजवळ चौकोनी दिसत होते: रुंदी सव्वाआठ आणि लांबी जेमतेम 8 मिलिमीटर. हा दात सहसा दहा-साडेदहा मिलिमीटर लांब असतो. त्यामुळे दात झिजून आखूड झाला आहे, की त्याचा काही भाग हिरडीखालीच राहिला आहे, हा पहिला प्रश्न होता. कडा झिजलेल्या नव्हत्या. खुणा केलेली बारीक सळई हिरडीच्या कडेखाली सरकवली, तेव्हा इनॅमल संपून मूळ सुरू होते त्या जागी तिचे टोक किंचित अडखळले. ती जागा कडेपासून अडीच मिलिमीटर आत होती. म्हणजे दात पूर्ण लांबीचा होता. दात उगवल्यानंतर हिरडी जेवढी मागे सरायला हवी तेवढी ती सरली नव्हती.

इथवर पाहिले तर लेझरचा आग्रह योग्यच वाटतो. पण हिरडी बधिर करून तीच सळई हाड लागेपर्यंत खाली नेली, तेव्हा ते कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर लागले. हाडाचा काठ आणि हिरडीची कड यांच्यात शरीर साधारण 3 मिलिमीटर अंतर राखते. नुसती 2 मिलिमीटर हिरडी कापली असती, तर हे अंतर दीडवर आले असते. अशा वेळी काही महिन्यांत हिरडी पुन्हा खाली येते, नाही तर कायम लालसर, सुजलेली आणि ब्रश लागताच रक्त येणारी राहते. ‘लेझर केले आणि वर्षभरात पुन्हा तसेच झाले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. यंत्राचा त्यात दोष नसतो.

म्हणून तिच्यासाठी क्राउन लेंथनिंग केले. हिरडी 2 मिलिमीटर कमी करून, उरलेली हिरडी उचलून हाडाचा काठ दीड मिलिमीटर घासला आणि टाके घातले. दात 10 मिलिमीटर दिसू लागले आणि मूळ उघडे पडले नाही. दात मुळातच पूर्ण दिसत असेल, तर मात्र ही शस्त्रक्रिया करू नये. तिथे कापले की मूळ उघडे पडते, थंड लागले की कळ येते आणि शेवटी कॅप बसवण्याची वेळ येते.

5 मधून 2 गेले तरी 3 उरले, आणि ते ओठामुळे होते. तिच्या वरच्या ओठाची लांबी नेहमीसारखीच होती, पण हसताना तो सहा-आठऐवजी 10 मिलिमीटर वर जात असे. अशा ओठासाठी दोन उपाय असतात. बोटॉक्सचे इंजेक्शन ओठ वर ओढणाऱ्या स्नायूंचा जोर कमी करते, पण त्याचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. लिप रिपोझिशनिंगमध्ये ओठाच्या आतल्या बाजूची, हिरडीलगतची लवचीक त्वचा पट्टीसारखी काढून दोन्ही कडा शिवतात. त्यामुळे आतली जागा कमी होते आणि ओठाला फार वर जाता येत नाही. ओठाला हिरडीशी जोडणारी मधली दोरी जपून दोन्ही बाजूंना स्वतंत्र पट्ट्या काढल्या, तर ओठ मध्यरेषेपासून सरकण्याची भीती कमी होते, म्हणून मला ती पद्धत पसंत आहे. टाके आहेत तोवर जोरात हसायचे नाही आणि आरशात पाहण्यासाठी ओठ उचलायचा नाही, हे मी प्रत्येकाला बजावतो. एवढे सांभाळूनही काहींचा ओठ कालांतराने थोडा पुन्हा वर जाऊ लागतो, हे आधीच सांगायला हवे.

मी तिला आधी बोटॉक्स करून पाहायला सुचवले, कारण ओठ कमी उचलला गेल्यावर चेहरा कसा दिसतो, हे टाके घालण्यापूर्वीच कळते. तिला ते हसू ओढून आणल्यासारखे वाटले. इंजेक्शनचा परिणाम ओसरल्यावर तिने उरलेले 3 मिलिमीटर तसेच राहू दिले.

वरचा जबडाच उभा लांब असेल, तर यांपैकी एकही उपाय पुरा पडत नाही. तिथे आठ-दहा मिलिमीटर हिरडी दिसते आणि ओठ स्वस्थ असतानाही दात बरेच बाहेर दिसतात. अशा रुग्णाचा बाजूने क्ष-किरण काढून मी त्याला दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि जबड्याच्या सर्जनकडे पाठवतो.