मांद्र्याच्या नऊ खोल्यांचा हिशेब

*"तुम्ही तासाचा दर सांगत नाही, कामातून काय मिळणार त्यावर कोटेशन देता म्हणे. मग तो आकडा काढता कसा? आणि फायदा झालाच नाही तर पैसे परत देता का?"*

तुम्ही विचारलंत म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, परत देत नाही. का ते समजायला एक कोटेशन पूर्ण उघडून बघावं लागेल. मालकांना विचारूनच सांगते आहे, आकडे तेवढे गोल केलेत.

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मांद्र्याला, समुद्रापासून थोडं आत नऊ खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. नवरा-बायको चालवतात, मुलगा फोन आणि बुकिंग बघतो. जूनमध्ये, शॅक उतरून किनारा मोकळा झाल्यावर, मालकांचा फोन आला. "ताई, वेबसाइट करायची आहे, आणि इन्स्टाग्राम कुणीतरी बघायला हवं. किती घ्याल?"

इथे आकडा तोंडातून गेला की विषय संपतो. वेबसाइटला बाजारभाव आहे, आणि तुमच्यापेक्षा कमीत करून देणारा म्हापशात नक्की सापडतो. मी विचारलं, "पुढच्या सीझनला ही वेबसाइट चालू असेल, तेव्हा आजच्यापेक्षा काय वेगळं झालेलं हवं?" मालक म्हणाले, नाव व्हायला हवं. नाव होऊन काय व्हायला हवं, असं पुन्हा विचारलं. मागून वहिनींचा आवाज आला: "ते कमिशन कमी व्हायला हवं!"

काम खरं ते होतं. वेबसाइट हा त्याचा एक भाग, आणि इन्स्टाग्राम बहुतेक नव्हेच.

पुढच्या आठवड्यात मी गेले आणि मागच्या वर्षाची वही, बँकेची पानं आणि बुकिंगच्या साइटवरून येणारी कमिशनची बिलं घेऊन आम्ही बसलो. वर्षाला साधारण 1,500 खोली-रात्री विकल्या जात होत्या, सरासरी 4,000 रुपयांनी. म्हणजे 60 लाखांची विक्री. त्यातली 75 टक्के, 45 लाखांची, ओटीएवरून म्हणजे बुकिंगच्या ऑनलाइन साइटवरून येत होती. कमिशन किती, असं विचारल्यावर मालक लगेच म्हणाले, पंधरा टक्के. बिलं बघितली तर वीसच्या आसपास निघालं. यादीत वर दिसण्यासाठीची एक योजना मुलाने मध्येच कधीतरी चालू केली होती, तिचे टक्के वेगळे लागत होते. वीस टक्क्यांनी वर्षाचे नऊ लाख झाले. त्यावरचा जीएसटी मी हिशेबात धरलाच नाही, आकडा फुगवून दाखवल्यासारखं वाटायला नको म्हणून.

नऊ लाख हा शब्द मी उच्चारला नाही. मालकांनीच कॅल्क्युलेटरवर काढला आणि स्क्रीन वहिनींकडे वळवली. हे मुद्दाम करायचं असतं. किंमत ज्या आकड्यावर उभी राहणार तो गिऱ्हाइकाच्या हातून यायला हवा. मी काढलेला आकडा हा माझा दावा ठरतो आणि त्यावर वाद होतो.

आता यातले किती वाचू शकतात? इथे धंदा माहीत असावा लागतो, नाहीतर हवेत बाण. ओटीए पूर्ण बंद करणं हा वेडेपणा होईल, कारण नवीन पाहुणा तिथेच भेटतो. पण बरेच पाहुणे ओटीएवर जागा बघतात आणि मग तिचं नाव गूगलवर टाकतात: फोटो खरे आहेत का, थेट स्वस्त मिळतंय का. हॉटेलवाले याला बिलबोर्ड इफेक्ट म्हणतात. हा माणूस तुमच्या दारापर्यंत आलेला असतो. या गेस्ट हाऊसचं नाव टाकल्यावर गूगलवर जुने फोटो, बंद पडलेला नंबर आणि ओटीएचीच लिंक दिसत होती. दारात आलेला पाहुणा परत तिकडेच जात होता.

म्हणजे काम ठरलं. गूगलवरचं प्रोफाइल नीट करायचं, तारखा आणि पैसे दोन्ही घेणारी बुकिंगची सोय असलेली साधी वेबसाइट करायची, आणि ती गूगलच्या हॉटेलांच्या यादीत फुकट मिळणाऱ्या बुकिंग लिंकला जोडायची. ही सोय गूगलने मार्च 2021 मध्ये सगळ्यांना खुली केली आहे. त्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा आली की मुलाने काय, किती वेळात आणि कोणत्या क्रमाने उत्तर द्यायचं ते बसवून द्यायचं. आणि थेट येणाऱ्याला काहीतरी जास्त द्यायचं. दर कमी करायच्या आधी ओटीएचा करार वाचावा लागतो, त्यात समान दराची अट असू शकते. याच प्रकारच्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223 कोटींहून जास्त दंड केला होता. आम्ही दराला हातच लावला नाही. थेट येणाऱ्याला नाश्ता मोफत ठेवला.

एवढं करून ओटीएचा वाटा 75 वरून 50 टक्क्यांवर आणता येईल, असं आमचं दोघांचं ठरलं. म्हणजे 15 लाखांची विक्री तिकडून इकडे. वाचणारं कमिशन तीन लाख.

इथेच थांबून बरेच जण तीन लाखांवर आपली किंमत लावतात, आणि गिऱ्हाईक वर्षाने वही उघडतं तेव्हा तोंडघशी पडतात. थेट बुकिंग फुकट नसतं. पंधरा लाख म्हणजे सुमारे 375 रात्री, प्रत्येकी 200 रुपयांचा नाश्ता धरला तर 75 हजार. पैसे ऑनलाइन घेण्याचा खर्च दोन टक्क्यांनी 30 हजार. बुकिंगच्या सॉफ्टवेअरचे वर्षाचे 25 हजार. एकूण एक लाख तीस हजार. मालकांच्या खिशात खरोखर राहणार एक लाख सत्तर हजार. माझी किंमत या आकड्यातून निघायची होती.

मी 85 हजार सांगितले. निम्मे का, याला कारण आहे. ठरवलेल्या कामातलं दोन तृतीयांशच साधलं तर खर्च जाऊन साधारण एक लाख पाच हजार उरतात, म्हणजे माझी फी पहिल्याच सीझनमध्ये वसूल होऊन वर थोडं उरतं. निम्मंच साधलं तर मालकांना बारा-तेरा हजार कमी पडतात, ते पुढच्या वर्षी भरून निघतात. हे दोन्ही आकडे मी कोटेशनच्या कागदावर लिहून दिले. वाईटात वाईट काय होईल ते समोर दिसलं की घासाघीस आपोआप कमी होते. मालकांनी तरीही विचारलंच, "ताई, तास किती लागणार?" मी सांगितलं, "कमीत कमी लागावेत असा प्रयत्न आहे. सप्टेंबरमध्ये काम तयार असलं तर तुमचा अख्खा सीझन हाती लागतो. तेच काम रमतगमत केलं तर माझे तास वाढतील आणि तुमचा डिसेंबर जाईल."

तास मी मोजते, फक्त दाखवत नाही. या कामाला माझ्या हिशेबाने 45 हजारांचे तास होते, तो माझा तळ. तीनच खोल्यांचं घर असतं आणि वर्षाला वाचणारे पैसे 40 हजार असते, तर काम मी घेतलं नसतं, किंवा नुसतं गूगल प्रोफाइल करून थोड्या पैशांत मोकळी झाले असते. याच नऊ खोल्यांचं काम कुणी फेब्रुवारीत आणलं असतं तर किंमतही खाली आली असती, कारण त्या सीझनचे उरतात किती दिवस?

आता पैसे परत करण्याचं. "मग वाचलेल्या पैशांतले टक्केच घ्या ना" असं बरेच मालक म्हणतात, आणि बरेच फ्रीलान्सरही यालाच व्हॅल्यू प्रायसिंग समजतात. तसं नाही. मी घेते ती ठरलेली रक्कम. फायद्याचा अंदाज ती ठरवण्यापुरता वापरायचा. टक्क्यांत गेलं की निकालाची जोखीम माझ्यावर येते, पण निकाल देणाऱ्या गोष्टी माझ्या हातात नसतात. मुलगा व्हॉट्सअ‍ॅपला चार तासांनी उत्तर देतो, चादरी मळक्या निघतात, शेजारी बांधकाम सुरू होतं. यातलं काहीच मी सांभाळू शकत नाही. शिवाय कुठला पाहुणा माझ्यामुळे आला यावर दर महिन्याला भांडण. जोखीम घ्यायचीच असेल तर तिचे वेगळे पैसे लागतात, आणि ते 85 हजारांपेक्षा बरेच जास्त होतील. हे सांगितल्यावर सहसा विषय मिटतो. निम्मे पैसे काम सुरू करताना, निम्मे वेबसाइट चालू व्हायच्या आधी. "चवथीनंतर बघूया" हे पहिल्या हप्त्याला चालतं, दुसऱ्याला नाही.

मोजायचं मात्र पक्कं ठरवून घेते, नाहीतर फायदा झाला की नाही हेच कळत नाही. मांद्र्याच्या वहीत एक रकाना वाढवला: पाहुण्याने आम्हाला पहिल्यांदा कुठे बघितलं, आणि पैसे कुठे भरले. दोन्ही वेगळं लिहायचं. पहिले दोन आठवडे मुलगा सगळ्यांपुढे नुसतं "ऑनलाइन" लिहीत होता. मग मी रकान्यावर चारच शब्द छापून दिले, त्यातल्या एकाला गोल करायचा. तेव्हापासून वही वाचण्यासारखी झाली.

मे अखेर ओटीएचा वाटा 57 टक्क्यांवर होता. पन्नास झाला नाही. सगळे खर्च जाऊन मालकांना एक लाख पंधरा हजारांच्या जरा आतबाहेर उरले, म्हणजे माझी फी निघून वर तीसेक हजार. ओटीएच्या वर दिसण्याच्या योजनेचं काय करायचं हे मी त्यांच्यावर सोडलं होतं. ती त्यांनी डिसेंबर-जानेवारीत बंद ठेवली, कारण तेव्हा खोल्या तशाही भरतात, आणि फेब्रुवारीत परत चालू केली. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

आकडे सांगायला तयार नसणारे मालकही भेटतात, आणि त्यात गैर काही नाही, घरचा हिशेब परक्याला का दाखवावा? पण तिथे ही पद्धत लावता येत नाही. नव्याने सुरू होणाऱ्या जागेलाही नाही, कारण मागचं वर्षच नसतं. अशांना मी दिवसाचा दर सांगते, आधी दोन दिवसांचं पैसे घेऊन केलेलं तपासणीचं काम, आणि वहीत तो रकाना मात्र पहिल्या दिवसापासून घालायला लावते. वर्षभराने त्यांच्याकडेही आकडे असतात.